सही कुणाची, उत्तर कुणाचं

२५ ऑक्टोबर २०१६. नवी मुंबई महापालिकेच्या विशेष सभेत एकच विषय होता : आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावरचा अविश्वास ठराव. सभागृहात १११ नगरसेवक. ठरावाच्या बाजूनं १०४ मतं पडली, विरोधात सहा. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे राष्ट्रवादी, शिवसेना आणि काँग्रेसचे नगरसेवक त्या दिवशी एकत्र आले होते. विरोधातली सहा मतं भाजपची होती.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३६ सांगतं की एकूण नगरसेवकांच्या पाच अष्टमांश जणांनी आयुक्ताला परत बोलावण्याच्या बाजूनं मत दिलं, तर राज्य सरकारनं त्याला परत बोलावलंच पाहिजे. १११ चे पाच अष्टमांश म्हणजे ७० मतं. इथे १०४ पडली होती. तरीही मुंढे दुसऱ्या दिवशी कामावर आले आणि पुढेही येत राहिले, कारण राज्य सरकारनं तो ठराव निलंबित केला. त्यांची बदली झाली ती पुढच्या वर्षी, मार्चमध्ये, महापालिकेच्या निवडणुकांची धामधूम राज्यभर संपल्यानंतर.

या गोष्टीकडे बहुतेकांनी कडक अधिकारी विरुद्ध दुखावलेले पुढारी असंच पाहिलं. पण तीत एक असा प्रश्न आहे ज्याचं उत्तर आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं. आपल्या शहराचा कारभार नेमका कोण चालवतं? महापौर, आयुक्त, की आणखी कुणी तिसरं?

महापौर हा शहराचा प्रथम नागरिक. लाल दिवा गेला, पण गाडी, बंगला, मानाची खुर्ची आहे. पाहुण्यांचं स्वागत, भूमिपूजनाची कुदळ, पुरस्कारांचं वाटप त्याच्याच हातून होतं. पाणी आलं नाही, पावसात रस्ता खचला, तर लोक त्याच्याच दारात जातात. पण कायद्याचं कलम ४ उघडून पाहा. या कायद्याची अंमलबजावणी कोणकोणत्या प्राधिकरणांनी करायची याची यादी तिथे आहे. महानगरपालिका म्हणजे नगरसेवकांची सभा, स्थायी समिती, प्रभाग समित्या, आयुक्त, परिवहन समिती, परिवहन व्यवस्थापक. महापौराचं नाव त्या यादीत नाही. तो सभेचा अध्यक्ष आहे. सभा बोलावतो, चालवतो, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतो. सभेबाहेर त्याच्या सहीनं एक गटारसुद्धा दुरुस्त होत नाही.

कलम ६७ याच्या नेमकं उलट बोलतं. महापालिकेचा कारभार सभेकडे निहित आहे असं आधी म्हणून ते पुढे सांगतं की कायदा अमलात आणण्याची संपूर्ण कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे आहे. निविदा काढणं, करार करणं, अतिक्रमण पाडणं, कर्मचाऱ्याला निलंबित करणं, कराची बिलं पाठवणं, ही सगळी आयुक्ताची कामं. पैसा किती आणि कशावर खर्चायचा ते सभा आणि स्थायी समिती ठरवणार, ठराविक रकमेवरच्या कराराला स्थायीची मंजुरी लागणार, पण हात आयुक्ताचाच. आयुक्त सभेत बसतो, चर्चेत भाग घेतो, मत मात्र देऊ शकत नाही. आणि त्याची नेमणूक करतं राज्य सरकार.

ही मांडणी आजची नाही. १८६५ च्या कायद्यानं मुंबईत म्युनिसिपल कमिशनर हे पद निर्माण झालं आणि ते आर्थर क्रॉफर्ड यांच्याकडे आलं. क्रॉफर्ड झपाट्याचा माणूस. त्यांनी शहर स्वच्छ केलं, त्यांच्या नावाचं मार्केट आजही उभं आहे, पण त्यांच्या हातून पैसा पाण्यासारखा वाहिला. १८७१ मध्ये करदात्यांचा संताप उसळला आणि कमिशनरचं पदच काढून कारभार एका समितीकडे द्यावा अशी मागणी झाली. त्या वेळी फिरोजशहा मेहता हा तरुण बॅरिस्टर लोकांच्या रोषाच्या विरोधात उभा राहिला. कार्यकारी सत्ता एका जबाबदार माणसाकडेच असावी, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या सभेचा ताबा असावा, हे त्यांचं म्हणणं. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात याच विचाराची मांडणी झाली आणि नंतरच्या १९४९ च्या कायद्यानंही हाच साचा उचलला. मेहतांचा पुतळा आज मुंबई महापालिकेच्या इमारतीसमोर उभा आहे.

मेहतांच्या मांडणीचा अर्धा भाग आपण पाळला. सत्ता एका माणसाकडे राहिली. ताबा मात्र हळूहळू सभागृहातून सरकला, आणि तो मंत्रालयात जाऊन बसला. महापौर आणि आयुक्त यांच्यातली रोजची चकमक कशी होते ते पाहिलं की हे सरकणं स्पष्ट दिसतं.

एखादा विषय महासभेत कसा येतो ते आधी पाहू. बहुतेक विषय प्रशासन आणतं. गोषवारा तयार होतो, आयुक्ताची मान्यता मिळते, नगरसचिव तो विषयपत्रिकेवर घेतो. नगरसेवकाला एखादी गोष्ट हवी असली आणि प्रशासनानं गोषवाराच दिला नाही, तर तो अशासकीय ठराव मांडतो किंवा मंजूर होणाऱ्या विषयाला उपसूचना चिकटवतो. सभा संपते, 'मंजूर' असं जाहीर होतं. पण ठराव अजून झालेला नसतो. तो लिहायचा असतो, महापौराची सही व्हायची असते आणि मग तो आयुक्ताकडे जातो.

दोन्ही बाजूंची ताकद या फटीत आहे. महापौराला एखादा निर्णय अडवायचा असेल तर ठरावावर सही होत नाही. महिना जातो, दोन महिने जातात. कधी ऐनवेळचे विषय घेतले जातात आणि सभेत कुणीच नीट न ऐकलेली वाक्यं ठरावात उमटतात. महापालिका वार्तांकन करणारे पत्रकार याला मागच्या दारानं आलेला ठराव म्हणतात. असा ठराव ओळखायचा असेल तर सभेचं ध्वनिमुद्रण आणि इतिवृत्त शेजारी ठेवून पाहावं, किंवा सभेची तारीख आणि सहीची तारीख यांत किती दिवस गेले ते मोजावं.

आयुक्ताची तऱ्हा वेगळी. त्याला ठराव नको असेल तर तो नकार देत नाही. अंमलबजावणी 'तपासून पाहण्यात येत आहे' असा शेरा येतो, निधी नसल्याचं लेखा विभाग लिहून देतो. ठराव कायद्याच्या किंवा लोकहिताच्या विरोधात आहे असं त्याचं मत असेल तर तो कलम ४५१ खाली सरकारकडे विखंडनासाठी पाठवतो. 'विखंडन' हा शब्द महापालिकेबाहेर कुणी वापरत नाही, पण सभागृहात त्याचा दरारा आहे. सरकार आधी ठराव निलंबित करतं, महापालिकेला म्हणणं मांडायला अवधी देतं आणि मग तो कायमचा रद्द करतं. गैरव्यवहाराचा वास असलेला ठराव अडवायला हे हत्यार लागतंच. एखाद्या राखीव भूखंडाचं आरक्षण उठवणारा किंवा ठेकेदाराला मुदतवाढ देणारा ठराव याच वाटेनं थांबला, अशी उदाहरणं आहेत. पण याच कलमाखाली नवी मुंबईतला १०४ मतांचा ठरावही थांबवला गेला. एकच हत्यार दोन अगदी वेगळ्या कामांना वापरलं गेलं, आणि ते कधी उचलायचं ते ठरवणारा हात प्रत्येक वेळी राज्य सरकारचाच होता.

आता नाशिकचं प्रकरण थोडं बारकाईनं पाहू, कारण त्यात भांडणाचा गाभा पैशाचा आणि अगदी कायद्याच्या शब्दांचा होता.

नाशिकमध्ये १२२ नगरसेवक. २०१७ च्या निवडणुकीत भाजपचे ६६ निवडून आले आणि रंजना भानसी महापौर झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंढे तिथे आयुक्त म्हणून आले. घरपट्टी वाढवायची होती. कायदा म्हणतो की करांचे दर सभेनं दर वर्षी २० फेब्रुवारीच्या आत ठरवावेत, म्हणजे दर ठरवणं हा निवडून आलेल्यांचा अधिकार. चर्चा, आरडाओरड झाली आणि महासभेनं सरसकट १८ टक्के वाढ मंजूर केली. लोकांना वाटलं, विषय संपला.

पण घरपट्टीच्या बिलात दोन आकडे असतात. एक, कराचा दर. दुसरा, तो दर ज्यावर लावायचा ते करयोग्य मूल्य. समजा तुमचं घर १००० चौरस फुटांचं आहे आणि महापालिकेनं त्याचं भाडेमूल्य महिन्याला चौरस फुटामागे ५० पैसे धरलं आहे. महिन्याचे ५००, वर्षाचे ६,०००. दुरुस्तीसाठी कायद्यानं दहा टक्के वजा होतात, राहिले ५,४००. हे करयोग्य मूल्य. एकूण कर ३० टक्के असेल तर बिल १,६२० रुपये. सभेनं या करात १८ टक्के वाढ केली तर बिल १,९१२ च्या आसपास जाईल. पण दर तसाच ठेवून कुणी ५० पैशांचे दोन रुपये केले तर? वर्षाचं भाडेमूल्य २४,०००, वजावटीनंतर २१,६००, बिल ६,४८०. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, पण कुठला आकडा किती जोरानं बिल हलवतो ते यावरून कळेल.

आणि कायद्यात हे भाडेमूल्य ठरवण्याचं काम आयुक्ताचं आहे. ३१ मार्च २०१८ रोजी मुंढे यांनी आदेश काढला आणि १ एप्रिलपासूनच्या नव्या मिळकतींसाठी मूल्याचे दर कित्येक पटींनी वाढवले. मोकळ्या जागांचे दरही चढले. नाशिकच्या हद्दीत अजून मळे आहेत, द्राक्षबागा आहेत, त्यामुळे शेतकरी रस्त्यावर उतरले. महासभेनं वाढ फेटाळली. आयुक्तांचं म्हणणं असं की दर तुम्ही ठरवा, मूल्य ठरवणं माझ्या अखत्यारीत आहे, त्यात सभेचा ठराव चालत नाही.

कायद्याचा शब्द घेतला तर आयुक्तांच्या बाजूला वजन होतं. पण मला इथे नगरसेवकांचीही बाजू खरी वाटते. नागरिकाला बिलातला शेवटचा आकडा भरायचा असतो. तो आकडा चौपट करणारा निर्णय जर निवडून आलेल्या सभेला विचारल्याशिवाय घेता येत असेल, तर कर ठरवण्याचा सभेचा अधिकार कागदावरच राहतो. दुसरीकडे, नाशिकमध्ये ती मूल्यं वर्षानुवर्षं जुन्याच पातळीवर पडून होती आणि मतांच्या भीतीनं कुणी त्यांना हात लावला नव्हता, हेही तितकंच खरं. शहर वाढत होतं, पाणी आणि रस्ते मागत होतं, आणि कर जुन्या काळातला होता. निवडून आलेल्यांनी टाळलेलं काम नेमलेल्यानं एका आदेशानं उरकलं.

ऑगस्टमध्ये अविश्वास ठरावाची सूचना आली, १ सप्टेंबरला विशेष सभा ठरली. १२२ चे पाच अष्टमांश म्हणजे ७७ मतं हवी होती. भाजपचे ६६ आणि विरोधी पक्षातले थोडे मिळाले की ठराव पार. सभेच्या तोंडावर आयुक्तांनी वाढीव दर बऱ्याच प्रमाणात खाली आणले, आणि मुख्यमंत्र्यांच्या सूचनेनंतर भाजपनं ठराव मागे घेतला. नवी मुंबईत सत्ता विरोधी पक्षाची होती म्हणून सरकारला कायद्याचं कलम वापरावं लागलं. नाशिकमध्ये सत्ता स्वतःच्याच पक्षाची होती, तिथे एक निरोप पुरला. पुढे नोव्हेंबरमध्ये मुंढे यांची बदली झाली. नाशिकच्या घरपट्टीच्या दरांचा वाद मात्र त्यांच्या मागे बरीच वर्षं चालू राहिला.

दोन्ही शहरांत आयुक्ताला हटवण्याचा निर्णय सभागृहात झाला नाही आणि त्याला ठेवण्याचाही झाला नाही. दोन्ही निर्णय मंत्रालयात झाले. आयुक्ताची नेमणूक तीन वर्षांपर्यंत असू शकते. मुंढे नवी मुंबईत साधारण साडेदहा महिने होते, नाशिकमध्ये साडेनऊ, नंतर नागपुरात सात. नागपुरातही महापौर संदीप जोशी यांच्याशी त्यांचा संघर्ष इतका टोकाला गेला की जून २०२० मध्ये आयुक्त सभा सोडून निघून गेले. एका व्यक्तीच्या स्वभावावर हे सगळं ढकलणं सोपं आहे. पण ज्या आयुक्ताला आपण इथे किती दिवस आहोत हेच ठाऊक नसतं, तो घाईत आदेश काढतो, किंवा मग काहीच करत नाही. महापौराची अवस्था फार वेगळी नसते. त्याची मुदत अडीच वर्षांची. पदाचं आरक्षण सोडतीनं ठरतं, त्यामुळे तीच व्यक्ती पुन्हा महापौर होण्याची शक्यता कमीच. अंदाजपत्रक समजून घेईपर्यंत एक वर्ष जातं. ज्याला शहराची खडान्खडा माहिती असू शकते असा माणूस खुर्चीत टिकत नाही, आणि ज्याच्या हातात सही आहे तोही टिकत नाही.

महापौराला खरी सत्ता देऊन पाहायचा प्रयत्न महाराष्ट्रात एकदा झाला. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात महापौर परिषद आणली गेली. कोलकात्यात ही पद्धत १९८० च्या कायद्यानं आली आणि अजून चालू आहे. महापौर आपले सहकारी निवडतो, प्रत्येकाकडे खातं असतं आणि आयुक्त त्यांच्या हाताखाली काम करतो. मुंबई-नागपुरात मात्र साधारण वर्षभरातच ती गुंडाळली गेली. ७४ व्या घटनादुरुस्तीनं महापालिकांना घटनेत स्थान दिलं, निवडणुका बंधनकारक केल्या, महिलांना आरक्षण दिलं, पण महापौराला काय अधिकार असावेत याबद्दल ती काहीच बोलत नाही. ते राज्यांवर सोडलं, आणि राज्यांनी आपल्या हातातलं काही सोडलं नाही.

मग अशी वेळ आली की महापौर आणि सभागृह उरलेच नाहीत. २०२० पासून एकेका महापालिकेची मुदत संपत गेली. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणेही त्यात आले. ओबीसी आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेचे वाद यांमुळे निवडणुका होईनात, आणि सगळीकडे आयुक्तच प्रशासक झाले. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि सभा व स्थायी समिती यांच्या वतीनं प्रशासक म्हणून त्याच प्रस्तावाला मंजुरी द्यायची. आपलाच गोषवारा, आपलाच ठराव. या काळात महापौर-आयुक्त संघर्ष अर्थातच नव्हता. माझ्या घरासमोरचा रस्ता त्या वर्षांत तीनदा खोदला गेला. आधी गॅसची वाहिनी, मग केबल, मग सांडपाणी. क्षेत्रीय कार्यालयात गेलो तर अभियंता सौजन्यानं बोलला, पण हे कुणी ठरवलं आणि कुणाला विचारायचं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. पूर्वी निदान नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन आवाज चढवता येत असे. त्यानं महासभेत प्रश्न विचारला की आयुक्ताला लेखी उत्तर द्यावं लागे. भांडण नसलेल्या महापालिकेत प्रश्न विचारणारंच कुणी उरलं नव्हतं.

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं आणि सभागृहं पुन्हा भरली. महापौर परत आले, आणि त्यांच्यासोबत चकमकीही परततील. त्या परतल्या तर मला वाईट वाटणार नाही. सभागृहानं आयुक्ताला अडवणं आणि आयुक्तानं सभागृहाच्या ठरावावर आक्षेप घेणं हे मेहतांच्या रचनेत अपेक्षितच आहे. बिघाड आहे तो भांडणाचा निवाडा जिथे होतो तिथे. पाच अष्टमांश मतांनी आयुक्ताला परत पाठवण्याचा ठराव झाला, तर तो कलम ४५१ खाली निलंबित करता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं पाहिजे. तसंच सभागृहानं मागणी केली नसेल तर मुदतीआधी आयुक्ताची बदली करताना सरकारनं कारण लेखी आणि जाहीर दिलं पाहिजे. पहिली सुधारणा सभागृहाचा ताबा परत देईल, दुसरी आयुक्ताला उभं राहायला जमीन देईल. दोन्हींनी मंत्रालयाचा हात थोडा आखडेल, आणि म्हणूनच कुठलंही सरकार आपण होऊन त्या करणार नाही.

तोवर एक गोष्ट तुमच्या हातात आहे. तुमच्या भागातला नगरसेवक 'आयुक्त ऐकत नाहीत' म्हणाला, तर त्याच्याकडे ठराव क्रमांक आणि महापौरांच्या सहीची तारीख मागा. आणि कार्यालयातला अधिकारी 'सभागृहानं अडवलंय' म्हणाला, तर त्या विषयाचा गोषवारा प्रशासनानं कधी पाठवला ते विचारा. ही सगळी कागदपत्रं नगरसचिव कार्यालयात असतात आणि माहिती अधिकारात मिळतात.